निरोप धाडला, पण पोचला का?

गेल्या खरिपात माझ्या सज्जात एक प्रकार घडला, तो सांगितल्याशिवाय पुढचा मुद्दा ध्यानात यायचा नाही. उन्हाळ्यात माझी बदली होऊन मी नव्या गावांत रुजू झालो. आधीचे सहकारी मोठे व्यवस्थित. त्यांनी शेतकऱ्यांच्या मोबाईल नंबरांची वहीच माझ्या हवाली केली. नाव, गाव, पीक, नंबर, सगळे टापटीप. त्यातले कापसाचे 214 शेतकरी मी दोन संध्याकाळी बसून माझ्या मोबाईलमध्ये उतरवून घेतले आणि व्हॉट्सॲपवर त्यांची एक ब्रॉडकास्ट यादी केली. एका यादीत 256 नावे बसतात, तेव्हा अडचण नव्हती. वाटले, आता एका बोटावर सगळी गावे.

सप्टेंबरात तीन शेतांतल्या कामगंध सापळ्यांत गुलाबी बोंडअळीचे पतंग वाढले. सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री 8 किंवा जास्त पतंग आले, की उपाय करायची वेळ झाली असे आपण धरतो. तेवढे आले. मी त्याच संध्याकाळी यादीवर निरोप सोडला: हिरवी बोंडे फोडून पाहा, शंभरात दहा किडकी निघाली तर थांबू नका. चौथ्या दिवशी गावात गेलो तर एका बांधावर दोन भाऊ. थोरल्याने फवारणी उरकलेली. धाकटा विचारतो, “कसला मेसेज साहेब? मला तर काही आलं नाही.” मी मोबाईल काढून दाखवला की बाबा, हे बघ, तुझे नाव यादीत आहे. त्याने त्याचा मोबाईल दाखवला. त्यात खरेच काही नव्हते.

खोटे दोघेही बोलत नव्हते.

घरी येऊन मी त्या निरोपावर बोट दाबून धरले आणि `Info` उघडले. तिथे दोन रकाने असतात, `Read by` आणि `Delivered to`. दोन्ही मिळून 61 नावे भरली. बाकीच्या 153 जणांचा कुठेच पत्ता नाही. थोरला भाऊ 61 जणांत होता, कारण ठिबकच्या अर्जासाठी तो जुलैत माझ्याकडे आला होता आणि तेव्हा त्याने माझा नंबर ‘शेती साहेब’ म्हणून मोबाईलमध्ये घातला होता. धाकट्याच्या मोबाईलमध्ये अजून आधीच्या साहेबांचाच नंबर होता.

मेख इथेच आहे. ब्रॉडकास्ट यादीवरचा निरोप फक्त त्याच माणसाकडे पोचतो ज्याने धाडणाऱ्याचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला आहे. आपण त्याचा नंबर सेव्ह करून भागत नाही. त्याशिवाय तो यादीत घेता येत नाही, ते वेगळे. सेव्ह दोन्ही बाजूंनी पाहिजे. शेतकरी बंधूंनी कधी आपल्याला फोन केला असेल, मिस कॉल दिला असेल, व्हॉट्सॲपवर ‘नमस्कार साहेब’ लिहिले असेल, तरी तेवढ्याने नंबर सेव्ह झाला असे होत नाही. मोबाईलच्या संपर्क यादीत तो नावानिशी असला पाहिजे, आणि व्हॉट्सॲपला ती यादी वाचायची परवानगी दिलेली असली पाहिजे.

असा नियम का? साधा, एकट्याला लिहिलेला निरोप अनोळखी नंबरवरूनही जातो. समोरच्याला वर विचारले जाते की याला ब्लॉक करायचे की सेव्ह करायचे. पण एका दमात अडीचशे लोकांना धाडायची सोय अशीच उघडी ठेवली असती तर प्लॉट विकणारे, लॉटरीवाले आणि बनावट बियाण्यांचे दलाल यांनी गावेच्या गावे बुजवली असती. म्हणून कंपनीने माणसाच्या संपर्क यादीलाच परवानगीचा कागद मानले आहे. ज्याने तुमचे नाव लिहून ठेवले, त्याला तुमचा निरोप हवा आहे असे धरायचे. नियमाला खोट नाही. खोट एवढीच की धाडणाऱ्याला कोणी सांगत नाही. ‘153 जणांना गेले नाही’ अशी सूचना पडद्यावर येत नाही. यादीत निरोप दिमाखात उभा असतो आणि आपल्याला वाटते काम झाले.

आता कोणी म्हणेल, एकच टिक राहिली म्हणजे शेतकऱ्याचा मोबाईल बंद असेल, रिचार्ज संपले असेल. बरोबर आहे, तसेही होते. दोन्हींतला फरक ओळखायला मी असे केले: राहिलेल्या 153 पैकी दहा नावे काढली आणि त्या प्रत्येकाला त्याच्या स्वतंत्र खिडकीत जाऊन हाताने साधा निरोप लिहिला, ‘मी अमुक, नवीन शेती साहेब’. तासाभरात आठ जणांना दोन टिका पडल्या. म्हणजे मोबाईल चालू, रेंज आहे, पण त्याच खिडकीत त्याच्या वरचा यादीतून गेलेला निरोप एका टिकेवर अडकलेला. हे आठ म्हणजे नंबर सेव्ह नसलेले. दोघांच्या दोन्ही निरोपांना एकच टिक, ते मोबाईल बंद असलेले. निळ्या टिकेवर मात्र जाऊ नये. कित्येकांनी वाचल्याची खूण बंद ठेवलेली असते, ते वाचूनही `Delivered to` मध्येच दिसतात. दोन टिका म्हणजे पोचला, एवढेच आपल्या कामाचे.

ग्रामसेवक भाऊसाहेब आणि सोसायटीचे सचिव यांनी हे मुद्दाम पाहावे, कारण बदली तुमचीही होते. खुर्ची तीच राहते, नंबर बदलतो. नव्या माणसाने जुनी यादी जशीच्या तशी उतरवली तर पहिल्या दिवशी तिची किंमत जवळपास शून्य असते, कारण गावात कोणाकडेही त्याचा नंबर नाही. जुन्याच माणसाने नवीन सिम घेतले तरी तीच गत. व्हॉट्सॲपवर नंबर बदलल्याची सूचना लोकांना गेली, तरी त्यांच्या मोबाईलमध्ये जुनाच नंबर बसलेला असतो.

दुसरी गोष्ट जुन्या निरोपांची. तक्रार झाली की प्रश्न येतो, ‘कळवले होते का?’ आणि आपण मोबाईल पुढे करतो. पण यादीतला इतिहास हा फक्त धाडणाऱ्याच्या मोबाईलमधला इतिहास आहे. तिथे जूनपासूनचे सगळे निरोप ओळीने दिसतात. शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये यादी नावाची गोष्टच नसते. त्याला ते निरोप तुमच्या-त्याच्या खासगी खिडकीत येतात, जणू एकट्यालाच लिहिले. आणखी कोणाला गेले ते त्याला कळत नाही. त्याने उत्तर दिले तर ते तुमच्या एकट्याकडे येते. धाकट्या भावाला थोरल्याचा प्रश्न आणि माझे उत्तर कधीच दिसणार नाही. ऑगस्टमध्ये यादीत घातलेल्या माणसाला जून-जुलैचे निरोप मिळत नाहीत. त्याचा इतिहास त्याच्या नावापासून सुरू होतो. म्हणून 214 जणांची एक यादी असली तरी गावात 214 वेगवेगळे इतिहास असतात, आणि काही कोरेच. ‘आम्ही कळवले’ एवढे लिहून चालत नाही. `Delivered to` मधली नावे पाहून लिहावे लागते.

ग्रुपची तऱ्हा निराळी. ग्रुपमध्ये आलेल्या माणसाला निरोप मिळतो, मग त्याने नंबर सेव्ह केलेला असो वा नसो. सगळ्यांसमोर एकच गप्पा, एकच इतिहास. मात्र नवा माणूस आत आला की आधीचे बोलणे त्याला आपोआप दिसत नाही. 2016 पासून व्हॉट्सॲपवरचे निरोप ज्याच्या-त्याच्या मोबाईलसाठी कुलूपबंद होऊन जातात. जो तेव्हा हजर नव्हता त्याच्यासाठी त्या वेळच्या निरोपाची किल्ली घडलेलीच नसते. शिवाय 2019 पासून ‘मला ग्रुपमध्ये कोणी घ्यावे’ हे माणसाला ठरवता येते. ‘फक्त माझे संपर्क’ असे ठेवणाऱ्याला अनोळखी साहेब ग्रुपमध्ये ओढू शकत नाही, आमंत्रण धाडावे लागते. म्हणजे तिथेही नंबराचा मुद्दा दारातच उभा आहे.

चॅनल भारतात सप्टेंबर 2023 मध्ये आले. चॅनल म्हणजे चावडीवरचा फळा. कोणीही यावे, वाचावे, नंबर सेव्ह असायची गरज नाही आणि नंबर एकमेकांना दिसतही नाही. फळ्यावरचे लिखाण कंपनीच्या यंत्रावर 30 दिवसांपर्यंत राहते, म्हणून आज आलेल्या माणसालाही गेल्या आठवड्याचा इशारा वाचता येतो. पण फळा कोणी वाचला ते नावानिशी कळत नाही, आणि शेतकऱ्याला तिथे उलट प्रश्न लिहिता येत नाही, फार तर अंगठा दाखवता येतो. टेलिग्रामने तर 2015 सालीच आपली जुनी ब्रॉडकास्टची सोय काढून त्या जागी चॅनल आणले. तिथे नव्याने आलेल्याला अगदी पहिल्या निरोपापासून सगळे दिसते. आपल्याकडे खेड्यात टेलिग्राम फारसा कोणी उघडत नाही, म्हणून त्याच्या खोलात जात नाही.

मग यादी टाकून द्यावी का? मला तसे वाटत नाही. हवामानाचा सर्वसाधारण अंदाज चॅनलवर चालतो. पण ‘तुझ्या शिवारात अळी आली आहे’ हे माणसाला त्याच्या स्वतःच्या खिडकीत मिळाले तर तो उलटून विचारतो, बोंडाचा फोटो धाडतो. ग्रुपवर सकाळी शंभर फुले आणि सुविचार, त्यात इशारा बुडतो. यादी ठेवावी, पण आधी ती जिवंत करून घ्यावी.

मी केले ते असे. राहिलेल्या प्रत्येकाला त्याच्या खिडकीत माझे संपर्क-कार्ड धाडले. त्यावर बोट ठेवले की नंबर सेव्ह करायची सोय येते, टाइप करावे लागत नाही. सगळ्यांना एका दिवसात मुद्दाम धाडले नाही, रोज पंधरा-वीस. एकदम धाडले आणि लोकांनी अनोळखी म्हणून तक्रार नोंदवली तर आपलाच नंबर बंद पडायची भीती. ज्यांना कार्ड कळत नाही, त्यांच्या मोबाईलमध्ये ग्रामपंचायतीपुढच्या पारावर बसून मीच नंबर घातला. नाव माझे घातले नाही. ‘शेती साहेब’ आणि पुढे गावाचे नाव, म्हणजे उद्या माझी बदली झाली तर त्याच नावाखाली नवा नंबर घालता येईल. मग यादीवर चार शब्दांचा चाचणी निरोप सोडला आणि दुसऱ्या दिवशी `Info` उघडले: 214 पैकी 187. सप्टेंबरचा इशारा मात्र नव्याने लिहून धाडला. नंबर सेव्ह केला म्हणजे अडकलेला जुना निरोप आता मागून येईल, या भरवशावर राहिलो नाही.

उरलेल्या 27 जणांपैकी काहींकडे साधा बटणाचा मोबाईल आहे, काहींनी नंबर बदलले आहेत. त्यांची नावे वहीत लाल शाईने लिहिली आहेत. त्यांना फोन करतो, नाही लागला तर शेजाऱ्याकडे निरोप ठेवतो. धाकट्या भावाचे दोन एकर मात्र तोवर हातचे गेले होते. पहिल्या वेचणीला निम्मी बोंडे कवडीची निघाली.