सुप्याची जबानी कुणी लिहिली?

शाह मन्सूरच्या दर्ग्यामुळे सुपे आपल्या लोकांना माहीत असतं. आज ते बारामती तालुक्यात आहे, इंग्रजी अमलात भीमथडीत होतं. १२ मे १८७५ ला, बुधवारी, बाजारच्या दिवशी इथे आसपासच्या गावांतली कुणबी मंडळी जमली. त्यांनी मारवाडी-गुजर सावकारांची दुकानं-घरं गाठली आणि कर्जखतं, वह्या मागितल्या. मिळालेली कागदपत्रं जाळली, धान्याची दुकानं लुटली, काही ठिकाणी घरांनाही आग लावली. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाली. जिथे सावकाराने मुकाट्याने खतं काढून दिली, तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला हात लागला नाही.

हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः एका दस्तऐवजातून. मुंबई सरकारने आयोग नेमला, त्याने जबान्या घेतल्या, आकडे गोळा केले आणि १८७८ मध्ये तो अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. नाव पडलं ‘डेक्कन रायट्स’. मराठीत आपणही मुकाट्याने ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. दंगा हा शब्द आपल्या वस्तीत काय वजनाचा आहे, हे मी सांगायला नको. दंगा म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कुणी सुरू केला’ हाच येतो. ‘का’ हा प्रश्न मागे राहतो. नाव ठेवणाऱ्याने तिथेच अर्धा निकाल दिलेला असतो.

आयोगाला एक प्रश्न मुद्दाम घालून दिला होता: सरकारच्या शेतसाऱ्यामुळे हे झालं का? आयोगाने ढीगभर पुरावा मांडला आणि उत्तर दिलं, नाही, दोष सावकारांचा. मात्र आयोगातलेच एक सदस्य, ऑकलंड कॉल्व्हिन, यांनी वेगळं टिपण जोडून साऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे ही गोष्ट सरकारला दिसत नव्हती असं नाही. ती दिसत होती, लिहिलीही गेली, पण निष्कर्षात तिला जागा मिळाली नाही. अहवालातलं मौन बरेचदा असं असतं. माहिती असते, पण शेवटच्या पानापर्यंत पोचत नाही.

सारा म्हणजे काय, हे समजायला इंदापूरला यावं लागतं. प्रिंगलने केलेली आधीची मोजणी आणि आकारणी रयतेला पेलली नाही, जमिनी पडीक पडल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी केली, दर उतरवले आणि १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी ते कायम केले. सर्व्हेची ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली, तिचा पहिला धडा इंदापुरात गिरवला गेला. तीस वर्षं संपली आणि १८६७ मध्ये फेरआकारणी आली. दर चांगलेच वाढले. आणि वेळ कोणती? अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं. त्या काळात सोन्याच्या भावाने गेलेला इथला कापूस उतरला होता, सावकाराचा हात आखडला होता. सारा वाढला, भाव पडला, उसनवारी बंद झाली, आणि या तिन्ही गोष्टी एकाच शेतकऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या.

सावकार निर्दोष होता, असं मला अजिबात म्हणायचं नाही. १८५९ चा मुदतीचा कायदा बघा. कर्जखत तीनच वर्षं चालेल, असं त्याने ठरवलं, म्हणजे व्याज अनंत काळ साचू नये. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत करून घेतलं. समजा शंभर रुपये सरळ चोवीस टक्क्यांनी दिले. तीन वर्षांत काही फेडलं नाही, तर व्याज बहात्तर. नवं खत एकशे बहात्तरचं, आणि हीच आता मुद्दल. आणखी तीन वर्षांनी तिसरं खत जवळजवळ दोनशे शहाण्णवचं. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला तो शंभरच. पण कोर्टात तिसरा कागद उभा राहतो आणि सांगतो की या माणसाने दोनशे शहाण्णव घेतले, खाली नांगराची निशाणी आहे. त्या कागदात शंभराचा पत्ताच नाही.

उर्दूत ‘ख़त’ म्हणजे चिठ्ठी, मराठीत खत म्हणजे कर्जाचा कागद. (शेतातलं खत वेगळं, वर्गातली मुलं मुद्दाम गोंधळ घालतात.) सुप्याच्या लोकांना चिठ्ठी वाचता येत नसेल, पण कोणता कागद आपल्याविरुद्ध बोलतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच त्यांनी कागद जाळले.

मग हेच लोक सरकारचे आकारणीचे कागद जाळायला का गेले नाहीत, असा प्रश्न आजही कुणीतरी विचारतं आणि त्यावरून सरकार निर्दोष ठरवतं. मला हा युक्तिवाद पटत नाही. सावकाराची वही पेठेत, हाताच्या अंतरावर होती; आकारणीचं दफ्तर कचेरीत, शिपायांच्या मागे. शिवाय पाटील-कुलकर्ण्यांकडे साऱ्याचा हप्ता भरायलाच तर पैसे उसने घ्यायचे. सारा कर्ज बनूनच समोर येत होता.

आता जबानीकडे. ‘ज़बान’ म्हणजे जीभ. रयत मराठीत बोलली. ती जबानी अहवालात इंग्रजी झाली, आणि प्रश्न आधीच ठरलेले होते. तुझं कर्ज किती, सावकार कोण, व्याज काय? अशा प्रश्नांना उत्तर देणारा माणूस सावकाराबद्दलच बोलणार. प्रश्न घेणारा बदला, साक्ष बदलते.

आणि ज्यांना प्रश्नच गेला नाही? रयतवारीत सरकार ओळखतं ते खातेदाराला. बलुत्यावर जगणारा मुलाणी, मजुरीवर जाणारी बाई, वेठीचा महार-मांग यांचं खातंच नाही, म्हणून साऱ्याच्या हिशेबात ते माणूस म्हणून उभेच राहत नाहीत. आपल्यातले काही जण अशा अहवालात एखादं मुसलमान नाव शोधतात आणि सापडलं की खूश होतात. नाव सापडून काय होणार? पीक बुडालं की बलुतंही बुडतं. ते नुकसान कोणत्या रकान्यात गेलं, हे शोधणं जास्त कामाचं. उलट बाजूने मारवाडीही या कागदात बोलत नाही. तो बाहेरून आलेला, लोभी, अशी अख्ख्या जमातीची प्रकृतीच ठरवली जाते. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये जातीजातीचे स्वभाव असेच नोंदले आहेत, आपलेही. मारवाड्याबद्दलचं ते वर्णन आवडीने उद्धृत करणाऱ्याने आपल्याबद्दलचं पान उघडून बघावं.

या वाचनाला एक मर्यादा आहे. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्येच या उठावाच्या आकाराबद्दल शंका घेतली, त्याला मिथक म्हटलं. सरकारी कागद गोष्ट जशी दडवतो, तशी फुगवूही शकतो. मौन ऐकायचं म्हणून त्यात आपल्याला हवा तो आवाज भरू नये.

अहवालानंतर १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कोर्टाला आता कर्जखताच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती, हे तपासण्याची मुभा मिळाली, कर्जापायी अटकही थांबली. सावकाराच्या कागदात काय लिहिलेलं नाही, ते कोर्टाने वाचायचं. इंदापूरच्या आकारणीच्या कागदामागे जाण्याची मुभा मात्र त्या कायद्याने कोणत्याही कोर्टाला दिली नाही.