जुने आरएक्स ५८० घेताय? पैसे देण्याआधी कार्ड तपासा!

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवणाऱ्या सर्वांना कळकळीचे आवाहन : ‘आरएक्स ५८०, ८ जीबी, एकदम मक्खन कंडिशन’ एवढ्या शब्दावर ॲडव्हान्स पाठवू नका. कार्ड चालू पीसीत बसवून दाखवायला सांगा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

हे कार्ड इथेरियम मायनिंगवाल्यांचे लाडके होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे मायनिंग कायमचे बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे साफसूफ करून विक्रीला आली. दुसरी फसगत नावाची. अस्सल आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर असतात. त्याच नावाने खपणाऱ्या ‘2048SP’ प्रकारात ते २०४८ असतात, म्हणजे आरएक्स ५७० इतकेच. स्टिकरवर मात्र ५८०च दिसते.

म्हणून आधी ओळख पटवा. GPU-Z हे मोफत सॉफ्टवेअर टेकपॉवरअपच्या साइटवरून स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन जा. विक्रेत्याच्या पीसीतली प्रत वापरू नका. त्यात ‘Shaders’ समोर 2304 दिसले तर पुढे जा. 2048 दिसले, तर आरएक्स ५७०च्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. नावाआधी [FAKE] दिसले तर कार्ड घेऊच नका.

मग एएमडीचा अधिकृत ड्रायव्हर समोर टाकायला लावा. मायनिंगसाठी कार्डाचे बायोस बदललेले असेल, तर ड्रायव्हर अनेकदा अडतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘Code 43’ दिसतो. विक्रेत्याने मूळ बायोस परत बसवल्याशिवाय सौदा करू नका.

आता कार्डाला घाम फोडा. FurMark पंधरा मिनिटे चालवा. तापमान ८५ अंशांच्या वर चढतच राहिले, तर आतली पेस्ट सुकली आहे किंवा पंखे थकले आहेत. पंख्याची घरघरही कान देऊन ऐका. पण तेवढ्यावर थांबू नका. इथेरियम मायनिंगचा खरा भार मेमरीवर पडतो आणि FurMark ती नीट तपासत नाही. त्यासाठी OCCT मधली VRAM चाचणी लावा. एकही एरर आली किंवा पडद्यावर रंगीत ठिपके उमटले, तर कार्ड परत द्या. मेमरी चिप्सच्या आसपास तेलकट डाग दिसले, तर थर्मल पॅड बराच काळ तापले आहेत असे समजा. पॅड बदलता येतात. तो खर्च किमतीतून वजा करा.

मायनिंग झालेले प्रत्येक कार्ड टाकाऊ नसते. या चाचण्या पार करणारे कार्ड रास्त भावात जरूर घ्या. मात्र चाचण्या आजची तब्येत सांगतात, उरलेले आयुष्य नाही. म्हणून सीरियल नंबर लिहिलेली पावती आणि निदान सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी लेखी घ्या, आणि त्यानंतरच पैसे द्या.