ओव्हरड्राफ्टचे व्याज : रोजच्या शिलकेचा हिशेब

लातूरच्या मार्केट यार्डातील अडत दुकान असो की नांदेडचे कापडाचे दुकान, हंगामात ओव्हरड्राफ्ट खात्याची शिल्लक रोज वर-खाली होत असते. महिनाअखेरीस खात्याला व्याज नावे पडते आणि पुष्कळ व्यापारी तो आकडा न तपासता स्वीकारतात. काही जण महिन्याच्या आरंभीच्या व अखेरच्या येणे बाकीची सरासरी काढून ताळा पाहतात आणि तो जुळला नाही की बँकेवर रोष धरतात. वस्तुतः दोन टोकांची सरासरी हा हिशेब नव्हेच. व्याज प्रत्येक दिवसाच्या अखेरीस जी बाकी उरते तिच्यावर लागते.

ही रीत आपल्या पेढ्यांना अपरिचित नाही. जुन्या वहीखात्यांत कटमितीचे व्याज काढताना प्रत्येक रकमेची मिती पाहिली जात असे. संगणक येण्यापूर्वी बँकेच्या खातेवहीतही शिलकेच्या शेजारी दिवस आणि प्रॉडक्ट, म्हणजे गुणाकार, असे दोन रकाने असत. येणे बाकी जितके दिवस टिकली त्या दिवसांनी तिला गुणावे, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि त्या बेरजेवर एका दिवसाचे व्याज काढावे, एवढीच ही पद्धत आहे.

उदाहरणादाखल लातूरच्या एका सोयाबीन व्यापाऱ्याचे नोव्हेंबरचे खाते घेऊ. मर्यादा 5 लाख रुपये, व्याजदर वार्षिक 10.95 टक्के. महिन्याच्या आरंभी येणे बाकी 4,00,000 रुपये आहे. 6 तारखेला 1,00,000 रोख भरले. 11 तारखेला नांदेडच्या खरेदीदाराचा 50,000 चा धनादेश भरला. 18 तारखेला माल खरेदीसाठी 2,00,000 काढले आणि 25 तारखेला 1,50,000 जमा झाले. धनादेश त्याच दिवशी वटला असे समजून व्यापाऱ्याने मांडलेला तक्ता असा :

1 ते 5 : 4,00,000 × 5 दिवस = 20,00,000
6 ते 10 : 3,00,000 × 5 दिवस = 15,00,000
11 ते 17 : 2,50,000 × 7 दिवस = 17,50,000
18 ते 24 : 4,50,000 × 7 दिवस = 31,50,000
25 ते 30 : 3,00,000 × 6 दिवस = 18,00,000

प्रथम दिवसांची बेरीज पाहावी. ती 30 भरली नाही तर कुठेतरी एखादा दिवस दोनदा मोजला गेला किंवा सुटला. गुणाकारांची बेरीज 1,02,00,000 येते. तिला 10.95 ने गुणून 36,500 ने भागले की व्याज 3,060 रुपये. दोन टोकांची सरासरी, म्हणजे 3,50,000, धरली असती तर 3,150 आले असते. मधल्या जमा-नावेचा त्यात पत्ताच लागत नाही.

आता समजा, बँकेने 3,090 रुपये नावे टाकले आहेत. फरक 30 रुपयांचा. येथे हिशेब उलटा चालवावा. 30 ला 36,500 ने गुणून 10.95 ने भागले की 1,00,000 मिळतात. हा जास्तीचा गुणाकार. कोणती रक्कम किती दिवसांनी गुणली असता 1,00,000 होतात? एक लाख एक दिवस किंवा पन्नास हजार दोन दिवस. रोख भरलेल्या एक लाखाची जमा 6 तारखेचीच आहे. तेव्हा खातेउताऱ्यात धनादेशाची तारीख पाहावी. तो भरला 11 ला, पण रक्कम जमा झाली 13 ला. भरणापावतीवरील तारखेपासून नव्हे, तर रक्कम खात्यात जमा झाल्यापासून व्याज थांबते, म्हणून बँकेचा आकडा बरोबर ठरतो. जमेची तारीखही 11 च असती, तर मात्र उतारा व हा तक्ता घेऊन शाखेत विचारणा करणे रास्त होते.

तक्ता मांडताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खाते ज्या दिवशी जमेच्या बाजूस गेले त्या दिवसाचा गुणाकार शून्य धरावा. तो इतर दिवसांतून वजा करू नये. महिन्याच्या मध्यात दर बदलला तर त्या तारखेपाशी तक्ता तोडून दोन बेरजा कराव्यात. आणि नावे पडलेले व्याज भरले नाही तर ते मुद्दलात मिळते : डिसेंबरचा पहिला गुणाकार 3,00,000 पासून नव्हे, 3,03,090 पासून सुरू होतो.

याच तक्त्यात जमेच्या तारखेचे मोलही दिसते. 6 तारखेची 1,00,000 ची रोकड 11 तारखेपर्यंत गल्ल्यात राहिली असती तर गुणाकार 5,00,000 ने वाढून 150 रुपये अधिक व्याज पडले असते. ओव्हरड्राफ्ट असताना घरी अडकलेल्या लाखाचे भाडे रोज 30 रुपये आहे.