कोंब फुटण्याआधीच गुण

सोयाबीनच्या उगवण चाचणीचं प्रात्यक्षिक आटोपलं, की लगेच अभिप्रायाचा कागद फिरला. समजलं का? समजलं. 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी सावलीत ओली ठेवायची. कामाचं? घरचं बियाणं पेरणाऱ्याला याहून कामाचं काय! सहभाग? दाणे साहेबांनीच मांडले. आम्ही फोटोपुरते वाकलो. पाठपुरावा? तिथंही म्हणे ‘उत्तम’वर खूण करा. अहो, कोंब मोजायचे सहा-सात दिवसांनी! 70 निघाले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं, 60 निघाले तर 35 लागतं. त्या दिवशी गोणपाट उघडायला कोण येणार, ते आधी सांगा. तोवर मी तो रकाना कोराच ठेवणार.