फी लिहा ना राव!

शनिवारी सकाळी, ऑफिसला सुट्टी असताना, औंढा नागनाथहून मामेभावाचा फोन आला. त्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी पाचवी ते दहावीच्या घरी येऊन शिकवणी घेण्याचं काम सुरू केलंय. वेबसाइटही झालीय. ‘ताई, लोक साइट बघतात, पण फोनच येईनात. तू पुण्यात कंटेंट लिहितेस ना, जरा बघ की!’

आता मीच लिहून दिलेली एफएक्यू होती ती! पहिला प्रश्न होता, ‘आम्हालाच का निवडावं?’ दुसरा, ‘आमची शिकवण्याची पद्धत कोणती?’ असे एकूण बावीस. खरं सांगा, कुठल्या आईनं असा प्रश्न कधी विचारलाय? हे आपल्याला द्यायला आवडणाऱ्या उत्तरांसाठी आपणच तयार केलेले प्रश्न होते.

मग त्याची वही मागवली. फोनवर पालक पहिल्या मिनिटात काय विचारतात ते तो त्यात टिपून ठेवायचा. तीन गोष्टी सारख्या येत होत्या. फी किती? मुलगी घरी एकटी असते, सर येणार की मॅडम? आणि मध्येच सोडून गेलात तर भरलेल्या पैशांचं काय? साइटवर यातलं एकही नव्हतं. फीच्या जागी मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, ‘आमचे दर अत्यंत वाजवी असून अधिक माहितीसाठी संपर्क साधा.’ बॉस, आकडा लपवला की वाचणारा तो मनातल्या मनात दुप्पट धरतो. वर भीती ही, की एकदा नंबर दिला की हे रोज फोन करणार.

नवं उत्तर असं झालं : ‘महिन्याला 1500 रुपये. त्यात एक तासाचे 12 वर्ग, म्हणजे एका वर्गाचे 125. आम्ही आलो नाही तर तो वर्ग पुढे भरून देतो. महिन्याच्या मध्ये थांबलात तर उरलेल्या वर्गांचे पैसे परत. चार वर्ग राहिले असतील तर 500.’ पहिल्याच वाक्यात आकडा, अटी नंतर. भाऊ आधी कचरला. ‘परत देतो असं लिहायचं? खरंच मागितले तर?’ मी म्हटलं, देणार नसशील तर लिहूच नको. न पाळलेलं एक उत्तर औंढ्यासारख्या गावात दोन दिवसांत सगळ्यांना कळतं.

मुलीच्या प्रश्नावर मी आधी लिहिलं होतं, ‘आमचे सर्व शिक्षक व्हेरिफाइड आहेत.’ पण व्हेरिफाइड म्हणजे काय? कोणी केलं? शेवटी जे केलं तेच लिहिलं. प्रत्येकाचं पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पहिल्या भेटीत दाखवतो. वर्ग बाहेरच्या खोलीत, दार उघडं ठेवून. घरी मोठं माणूस नसेल तर त्या दिवशी वर्ग नाही. मॅडम हव्या असतील तर सांगा, मात्र सध्या एकच मॅडम आहेत आणि त्यांच्या वेळा लवकर भरतात. हे शेवटचं वाक्य भावाला नको होतं. मी हट्टानं ठेवलं. एखादी कमतरता उघड सांगितली की बाकीच्या उत्तरांवर विश्वास बसतो.

एक प्रश्न तर मला पुण्यात बसून सुचलाच नसता : ‘आमच्या शाळेचेच सर येतील का?’ पालकांना ते हवंच असतं हो, पेपर तेच काढतात ना! उत्तर स्पष्ट नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. ‘नाही’ लिहिलं, कारण एका ओळीत दिलं आणि येणारे कोण, त्यांचं शिक्षण काय, ते खाली टाकलं. महाशिवरात्रीच्या यात्रेत गावात गाडी घालणं अवघड, तेव्हाचे वर्ग आधीच्या आठवड्यात घेतो, हेही घातलं. ते वाचून कळतं की लिहिणारा गावातलाच आहे.

बावीसचे सात प्रश्न उरले, तेही पालकांच्याच शब्दांत. ‘शुल्करचना’ गेली, ‘फी किती?’ आलं. क्लिक केल्यावर उघडणारी घडीही काढली. मोबाइलवर अंगठ्यानं सरकवणारा माणूस प्रत्येक बाण दाबत बसत नाही. शेवटी एक ओळ : ‘चौकशी केलीत तर आम्ही एकदाच फोन करू.’

चाललं की नाही हे ओळखायला फोनची संख्या पुरत नाही, पहिलं वाक्य ऐकावं लागतं. पूर्वी ‘फी किती हो?’ असायचं. आता वहीत ‘सातवीला आहे, संध्याकाळी सहाला जमेल का?’ असे फोन दिसतात. जो प्रश्न तरीही पुन्हा येतो, त्याचं उत्तर गोलमाल आहे असं समजायचं.

सध्या असा एकच आहे : ‘आमच्या खेड्यात येता का?’ अंधारात दुचाकीनं किती लांब जायचं यावर चौघांचंच एकमत नाही. त्यांचं ठरल्याशिवाय मी ती ओळ लिहिणार नाही, असं भावाला सांगून ठेवलंय.