रीलवर हसलो, मग फुटबोर्डवरचा पाय दिसला

काल आपल्या बदलापुरातल्या एका पोराची रील फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. सकाळची लोकल, दारात लोंबकळलेली दहा-बारा माणसं आणि खाली कॅप्शन : "जिमचे पैसे वाचले. वजन रेल्वे उतरवते, घाम शेजारचा देतो." मी मनापासून हसलो. दोन ग्रुपवर पुढेही पाठवली. संध्याकाळी परत पाहिली तेव्हा लक्षात आलं की कॅमेरा धरणाऱ्याचा स्वतःचा एक पाय फुटबोर्डवर आहे आणि दुसरा कुठेच नाही.

विनोदाला माझा विरोध नाही, आधीच सांगतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ हा प्रवास रोज करणाऱ्याने हसायचं नाही तर काय करायचं? चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून ठाण्यापर्यंत जाणं हा आपल्याकडे मान आहे. बसायला मिळावं म्हणून अंबरनाथचा माणूस उलटा बदलापूरला येतो, आणि बदलापूरचा माणूस फलाटावर उभा राहून त्याला शिव्या घालतो. हे सगळं रीलमध्ये यायलाच हवं.

पण त्या रीलखाली एकाने लिहिलं होतं, "आत जागा असते, हे लोक हौसेने दारात उभे राहतात." इथे मला थांबावंसं वाटलं. पॅसेजमध्ये कधी कधी खरंच थोडी जागा असते. तरी माणूस दारात का? कारण त्याला डोंबिवली, ठाणे किंवा घाटकोपरला उतरायचंय आणि गाडी थांबते वीस-तीस सेकंद. एकदा आत गेला की तेवढ्या वेळात दारापर्यंत पोचता येत नाही. मग दोन स्टेशनं पुढे उतरून परत उलटं यायचं आणि लेटमार्क खायचा. म्हणून तो दार सोडत नाही, आणि तो सोडत नाही म्हणून पुढच्या स्टेशनवर चढणारा बाहेरच लटकतो. हौस कुठली आलीय यात!

गर्दी किती, तर रेल्वेच्या भाषेत तिला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात : एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. घरातल्या दोन बाय दोनच्या तीन फरश्यांवर पंधरा जणांना उभं करून बघा. घरचे तयार होणार नाहीत.

९ जून २०२५ ची सकाळ आठवा. दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या, दोन्हीकडे दारात लटकलेली माणसं होती. ती एकमेकांना घासली आणि रुळांवर पडली. चार जण त्याच दिवशी गेले. लगेच घोषणा झाली की बिगर-एसी लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे येणार, हवेसाठी दारांना झडपा, छतावर पंखे, डब्यातून डब्यात जायला वाट. चांगलंच आहे.

फक्त एक हिशोब करू. बारा डबे, डब्याला एका बाजूला कमीत कमी तीन दरवाजे धरा, दारागणिक पाच माणसं बाहेर. झाली एकशे ऐंशी. दार बंद झालं की ही एकशे ऐंशी माणसं फलाटावर राहतील. पुढच्या गाडीचीही तेवढीच. त्यांना नेणारी जादा गाडी कुठून आणणार? कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला आपल्याकडे दोनच रूळ. त्यावरच लोकल, त्यावरच मेल-एक्स्प्रेस, त्यावरच मालगाडी. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका होत नाही तोवर वेळापत्रकात नवी गाडी घुसवणं म्हणजे भरलेल्या डब्यात पंधरावा माणूस घुसवणं.

ऑगस्ट २०२२ आठवत असेल. साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आणल्या तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी रस्त्यावर, म्हणजे फलाटावर, उतरले आणि मध्य रेल्वेला त्या दहा नव्या एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोक एसीच्या विरोधात नव्हते. त्यांची नेहमीची गाडी गेली होती, एवढंच. दार बंद करतानाही हेच होणार.

म्हणून माझं मत : दरवाजे बसवाच, पण आधी मार्गिकेच्या कामाची तारीख फलाटावर मोठ्या अक्षरात लावा. कार्यालयांच्या वेळा मागे-पुढे करा, निदान सरकारी तरी. आमदार-खासदारांनी सत्कारापेक्षा यावर पत्रं लिहावीत. पत्राची प्रत मला पाठवा, इथे छापतो.

त्या रीलवाल्या पोराला आज फोन केला. म्हटलं, "भावा, कॅप्शन झकास, पण शूटिंग आतून कर की."

तो म्हणाला, "दादा, आत हात वर निघत नाही. मोबाईल काढणार कुठून?"