आकाशाचं प्रतिबिंब? नापास!

समुद्र निळा का? शाळेत मी 'आकाशाच्या प्रतिबिंबामुळे' असं लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क मिळाले होते. ते मार्क परत घ्यायला हवेत असं माझं मत आहे. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे माझ्या मराठीचेही थोडे कापले तरी चालतील!)

डिसेंबरातल्या स्वच्छ दिवशी मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहा. वर आकाश निळंभोर, खाली पाणी हिरवट. त्याच अरबी समुद्रात लक्षद्वीपच्या बेटांबाहेर, खोल पाण्यात, रंग शाईसारखा गडद निळा. आकाश तेच असेल तर प्रतिबिंबं दोन कशी?

१९२१ मध्ये युरोपहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन यांनी हे तपासलं होतं. त्यांनी निकोल प्रिझममधून समुद्राकडे अशा कोनातून पाहिलं की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला जाईल. निळाई गेली नाही, उलट जास्त खुलली. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येतो. रामन यांनी भर दिला तो रेणूंकडून प्रकाश विखुरण्यावर. ते खरंच आहे, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं म्हणजे शोषण. पाण्याच्या रेणूतले ओ-एच बंध कंप पावताना तांबडा प्रकाश थोडा थोडा खातात. पाच मीटर शुद्ध पाण्यातून ७०० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश जेमतेम चार-पाच टक्के बाहेर पडतो, पण ४५० चा निळा मात्र सुमारे ९५ टक्के. ग्लासभर पाण्यात एवढं अंतरच नसतं, म्हणून ते रंगहीन दिसतं. खोल समुद्रात शेवटी निळाच उरतो आणि विखुरून आपल्याकडे परत येतो.

मग मालवणला काय बिघडतं? बिघडत काही नाही, तिथे वस्ती जास्त! नद्या आणि पावसाळ्यात खालून वर येणारं थंड पाणी किनाऱ्याला खत पुरवतात, त्यावर वनस्पती-प्लवक म्हणजे डोळ्यांना न दिसणारी शेवाळं वाढतात. त्यांचं हरितद्रव्य ४४० च्या आसपासचा निळा प्रकाश गिळतं. तांबडा पाण्याने खाल्लेला, निळा प्लवकांनी, मधला हिरवा तेवढा सुटतो. लक्षद्वीपच्या उघड्या समुद्रात वरच्या थरात खत कमी, म्हणून प्लवकही कमी. निळं पाणी म्हणजे जवळजवळ उपाशी पाणी. हे कळल्यापासून पोस्टरवरचा निळा समुद्र मला वेगळाच दिसतो.

आपले ओशनसॅट उपग्रह हाच निळ्या-हिरव्याचा हिशोब वरून मांडतात आणि हरितद्रव्य किती ते काढतात. उघड्या समुद्रात हे छान जमतं. किनाऱ्याजवळ मात्र गोची होते. नद्यांनी आणलेला गाळ आणि कुजलेल्या पानांचा पिवळट अर्कही रंग बदलतो. हा अर्क निळा प्रकाशच खातो, त्यामुळे साधं गुणोत्तर त्यालाही प्लवक समजून बसतं. खात्री करायची तर बाटलीभर पाणी आणून, गाळून, हरितद्रव्य मोजावंच लागतं. त्यामुळे मालवणचं पाणी हिरवं दिसलं की सगळं श्रेय प्लवकांना देऊ नका, थोडं गाळालाही द्या. आकाशाला मात्र, प्लीज, फारच थोडं.